कापले गेले, पण पोचले कुठे?

«मंडईत १८० रुपयांची भाजी घेतली, कोड स्कॅन केला, पिन टाकला. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला, पण भाजीवाल्या मावशींचा स्पीकर काही बोलेना. मधल्या वेळात माझे पैसे होते कुठे?»

रस्त्यात कुठेच नव्हते. यूपीआयमध्ये त्या क्षणी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातच नाही. तुमची बँक तिच्या वहीत १८० वजा करते, मावशींची बँक तिच्या वहीत १८० जमा करते, आणि या दोन नोंदींच्या मधला निरोप्या म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, एनपीसीआय. बँकांचा आपसातला हिशेब नंतर, दिवसातून ठरावीक वेळा मिटतो. तोही सगळ्या व्यवहारांची देणी-घेणी एकमेकांतून वजा करून जी काय बाकी उरेल तेवढ्यापुरता, रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर. म्हणजे मावशींच्या खात्यात १८० दिसले, तरी त्यांच्या बँकेला तुमच्या बँकेकडून त्या घडीला काहीच मिळालेलं नसतं.

सुरुवात कोडपासून करू. गाड्यावर चिकटवलेल्या त्या चौकोनात साधारण एवढाच मजकूर असतो:

```
upi://pay?pa=bhaji@bank&pn=Bhaji&cu=INR
```

`pa` हा पैसे घेणाऱ्याचा पत्ता, `pn` हे छापून घेतलेलं नाव. रक्कम यात नसते, म्हणून ती तुम्हाला टाकावी लागते. ॲप हा पत्ता एनपीसीआयमार्फत पडताळून घेतं आणि खातेदाराचं नाव मागवतं. स्क्रीनवर बघायचं ते बँकेच्या नोंदीतून आलेलं हे नाव. कोडवर कुणी रात्रीतून दुसरं स्टिकर चिकटवलं असेल, तर ते पकडायची जागा हीच. पण गर्दीत तिथे थांबून वाचतो कोण!

पिनचं पान तुमच्या ॲपचं नसतं. ते एनपीसीआयने सगळ्या ॲपना दिलेल्या सामायिक भागातून उघडतं. तुम्ही टाकलेले चार किंवा सहा आकडे फोनमध्येच कुलूपबंद होतात, तेही या एकाच व्यवहाराशी बांधून. ॲपच्या कंपनीला पिन दिसत नाही, आणि मधेच कुणी तो मजकूर उचलला तरी दुसऱ्या व्यवहारात चालत नाही. पिन बरोबर की चूक, हे फक्त तुमच्या बँकेचं यंत्र ठरवतं. अर्थात पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. पैसे घेण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगत असेल, तर तो तुमच्या खात्यातून काढायच्या तयारीत आहे.

आता विनंती निघते. ॲप ज्या बँकेच्या आधाराने चालतं, ती बँक ही विनंती एनपीसीआयकडे पाठवते. एनपीसीआय आधी मावशींच्या पत्त्याची बँक गाठून विचारतं, की या पत्त्यामागे खातं कोणतं. खातं कळलं की तुमच्या बँकेला सांगतं, १८० वजा करा. तुमची बँक पिन तपासते, शिल्लक बघते, नोंद करते आणि ‘झालं’ असं कळवते. मगच मावशींच्या बँकेला सांगितलं जातं, १८० जमा करा. तिचं उत्तर आलं की दोन्हीकडे निरोप जातो आणि तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते. आधी वजा, मग जमा, हा क्रम कधीच बदलत नाही. तुमच्या प्रश्नातला सगळा घोळ या क्रमातूनच निघतो.

पहिल्या पायरीवरच नकार आला तर प्रश्न मिटला. पिन चुकला (`ZM`) किंवा शिल्लक कमी पडली (`Z9`), तर वजा झालेलंच नसतं. मावशींच्या बँकेने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं, समजा खातं गोठवलेलं आहे, तरीही अडचण नाही. एनपीसीआय तुमच्या बँकेला उलट नोंद करायला सांगतं आणि पैसे बहुधा लगेच परत दिसतात.

खरी पंचाईत होते ती उत्तरच न येण्याने. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, तुम्ही मंडईत उभे असताना नेमकं हेच झालं असं धरू. तुमच्या बँकेने १८० वजा केले, तिच्या मेसेजच्या यंत्रणेने तुम्हाला कळवूनही टाकलं. मावशींच्या बँकेला ‘जमा करा’ गेलं, पण तिचं सर्व्हर गर्दीने तुंबलंय आणि ठरलेल्या सेकंदांत उत्तर नाही. आता जमा झालेत की नाही? दोन्ही शक्य आहे. नोंद झाली असेल आणि नुसतं उत्तर अडकलं असेल, किंवा विनंती रांगेतच पडून असेल. एनपीसीआयने घाईने तुमचे पैसे परत केले आणि तिकडे जमाही झालेले निघाले, तर १८० रुपये दोघांकडे, आणि भुर्दंड बँकेला. म्हणून अशा वेळी कुणी उलट नोंद करत नाही. व्यवहार तसाच धरून ठेवतात आणि ॲपवर ‘पेंडिंग’ दिसतं. माझ्या मते हा निर्णय रास्त आहे, फक्त तो गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही.

पुढचं काम मावशींच्या बँकेचं. ती एनपीसीआयकडची यादी स्वतःच्या वहीशी ताडून बघते. नोंद सापडली, तर जमा झाल्याचं कळवते. नसेल, तर तेव्हा जमा करते किंवा पैसे परत पाठवते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, साध्या खात्यावर पाठवलेल्या पैशांसाठी हे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत व्हायला हवं. कोड दुकान म्हणून नोंदवलेला असेल आणि दुकानाला पैसे मिळाल्याची खात्री पोचली नसेल, तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रार न करता मिळायला हवी.

स्पीकरच्या गप्प बसण्यावरून मात्र काही ठरवू नका. त्या डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि त्याला निरोप सगळ्यात शेवटी, वेगळ्या वाटेने येतो. मंडईच्या दगडी भिंतींआड रेंज गेली, की पैसे जमा असूनही डबा मुका राहतो. मावशींच्या ॲपमधली किंवा बँक खात्यातली नोंद बघावी, ती खरी. तुमच्या स्क्रीनवरची हिरवी खूण त्यांनी पुरावा म्हणून मानू नये, हेही बरोबरच, कारण तशी खूण दाखवणारी बनावट ॲप फिरतात.

म्हणून पेंडिंग दिसलं की लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. ॲपला स्थिती विचारायलाही मर्यादा आहे: एका व्यवहारासाठी तीनच वेळा, मध्ये ९० सेकंद सोडून. सारखं रिफ्रेश करून काही हाती लागत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, नाहीतर रोख द्या आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक (स्क्रीनवर `UTR` किंवा `UPI Ref. No.` म्हणून दिसतो) मावशींना लिहून द्या. उद्या त्यांच्याकडे १८० आले, तर त्या क्रमांकावरून ओळखून त्या परत देऊ शकतील. मुदत उलटूनही पैसे कुठेच दिसले नाहीत, तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा, मग आपल्या बँकेत. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर. कस्टमर केअरचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका, ॲपच्या आत असेल तोच वापरा.