हजेरी

बुधवार, रात्री

मागच्या सोमवारी शाळेतून मेसेज आला, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' ईशानला तर मी स्वतः व्हॅनमध्ये बसवलं होतं. संध्याकाळी खोदून विचारल्यावर कळलं की हजेरी सुरू झाली की तो बाथरूमला जातो. 'प्रेझेंट मॅडम' मधला 'प्र' त्याच्या ओठांवर अडकतो आणि मागच्या बाकावरची चौघं 'प-प-पंपहाऊस' म्हणतात.

चिडवतात हे त्याने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा मी शाळेत गेले नाही, आणि ते मला आजही चुकीचं वाटत नाही. 'हो, मी अडखळतो. थांब, माझं बोलून होऊ दे,' हे वाक्य आम्ही घरी खूपदा म्हटलं. शेजारच्या मुलाला त्याने तसं सांगितलं आणि तो खरंच थांबला. चौघं मिळून हसतात तेव्हा मात्र पाचवीतल्या मुलाचं एक वाक्य पुरत नाही. त्यातून तो आता वर्गच टाळायला लागला होता. तो मेसेज वाचून मी ठरवलं, आता मॅडमना सांगायचं.

"नको ना आई, मॅडम सगळ्यांसमोर ओरडतील." त्याची भीती खरी होती. म्हणून त्यालाच विचारलं, मॅडमनी काय करू नये? तो म्हणाला, वर्गात माझं नाव घेऊ नये. याचे बाबा त्या मुलांच्या घरी फोन करायला निघाले होते, त्यांना मी अडवलं. आईवडील आपल्याच मुलाची बाजू घेणार आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई ईशानला करावी लागणार.

शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकांना एकटीच भेटले. आठवडाभर टिपलेला कागद दिला: वार, तास, कोण, काय म्हणालं. त्यांना वाटत होतं, पोटाचा त्रास असेल. शिक्षा मी मागितलीच नाही. त्या चौघांशी एकेकाला बाजूला घेऊन बोला, हजेरीला सगळ्यांनीच हात वर करू दे आणि प्रकटवाचन जोडीने घ्या, एवढंच म्हटलं. दोघं एका सुरात वाचतात तेव्हा तो जवळजवळ अडखळत नाही. हात वर करायची सोय मात्र महिनाभरच ठेवायची, असं आम्ही ठरवलं. शब्द टाळत राहिलं की त्या शब्दाची भीती वाढते, हे स्पीच थेरपिस्टनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

आज डबा रिकामा आला, पंधरा दिवसांनी. वर्गात कोणी काही म्हणालं नाही, असं तो म्हणाला. मग बूट काढता काढता हळूच, "व्हॅनमध्ये म्हणतात अजून."

तिथे मॅडम नसतात. उद्या सकाळी व्हॅनवाल्या काकांना सांगून त्याला पुढे, त्यांच्या शेजारी बसवायचं आहे. पण आधी त्याला विचारते, त्याला चालेल का.