हजेरी नसलेल्या सभेचं इतिवृत्त

सोमवार, रात्र

सचिवांचा फोन संध्याकाळी आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "वहिनी, त्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त जरा करून द्या. बँकेला ठरावाची प्रत पाहिजे. तुमचं मराठी बरं." त्या सभेला मी नव्हते, भाचीच्या बारशाला डिचोलीला गेले होते. टिपणं कोणी काढली, विचारलं, तर म्हणाले काढली नाहीत. रेकॉर्डिंग? नाही. मग हजेरीवहीवर सह्या तरी असतील? वही कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार त्या दिवशी बेळगावला. "मागच्या वर्षीचं बघून घाला ना चार ओळी. सगळ्या सभा सारख्याच."

आमचं नाट्यमंडळ फोंडा तालुक्यातल्या एका गावातलं, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं. वर्षाला जत्रेचं एक नाटक आणि एक स्पर्धा, एवढाच आमचा पसारा. जुने खजिनदार पुण्याला मुलाकडे राहायला गेले, म्हणून खात्यावरच्या सह्या बदलायच्या आहेत. बँक त्यासाठी कार्यकारिणीच्या ठरावाची खरी प्रत मागते. सभा होऊन आज 19 दिवस झाले.

मागच्या वर्षीची वही उघडली. प्रत्येक ठरावाखाली "सर्वानुमते मंजूर". सूचक नाना, अनुमोदक आबा, सगळीकडे तेच. वाचताना एक लक्षात आलं. चर्चेत कोण काय बोललं ते इतिवृत्तात आलं नाही तरी फारसं बिघडत नाही, तिथे निर्णय लागतो. पण सभेला कोण होतं हे नसलं तर निर्णयच लटकतो. आमच्या घटनेत कार्यकारिणी 11 जणांची आणि गणपूर्ती 6 ची. पाचच जण होते म्हटलं की तो ठराव म्हणजे नुसत्या चहापाण्याच्या गप्पा.

मंगळवार

शोधायला बसले तर कागद नाहीत असं नव्हतं. सभेची सूचना मिळाली, तिच्यावर विषयपत्रिका: मागील इतिवृत्त कायम करणे, जत्रेचं नाटक, रंगमंचाचा नवा पडदा आणि चौथा विषय बँकेतल्या सह्या. सचिवांच्या खिशातून चहाचं बिल निघालं, पावसानं चिकटलेलं, 9 चहा आणि 9 भजी-पाव. आणि ग्रुपवर सभेचा एक फोटो होता. फोटोत सहा जण.

नऊ चहा आणि सहा माणसं. सचिव म्हणाले, "मग नऊ जण घाला की." मी पडद्याच्या मापाला आलेल्या सुताराला फोन लावला. तो आणि त्याचा पोरगा, दोघांनी चहा घेतलेला. म्हणजे सात उरले. सातवा कोण? फोटोत सगळे दिसतात, पण फोटो काढणारा दिसत नाही. अमितने फोटो काढला होता, हे त्यानंच हसत सांगितलं. ग्रुपवर फिरलेल्या फोटोला मूळ वेळ राहत नाही, म्हणून त्याच्याच फोनच्या गॅलरीत तपशील उघडून बघायला लावला. 5:22. सभा पाचची होती. तर सुरुवातीला सात, गणपूर्ती होती.

वेर्ण्याला कंपनीत असलेला आमचा मुलगा जेवताना म्हणाला, त्यांच्याकडे संचालकांच्या सभेचा मसुदा 15 दिवसांत सगळ्यांकडे फिरवायचा आणि 30 दिवसांत वहीत नोंदवायचा असतो. आम्हाला तसलं काही बंधन नाही, पण आठवण कोणासाठी थांबत नाही हे आज दिवसभर बघितलं.

बुधवार

आज सातही जणांना वेगवेगळे फोन केले. ग्रुपवर विचारलं असतं तर पहिल्यानं जे लिहिलं त्याला बाकीच्यांनी अंगठे दाखवले असते. आणि "नाना होते ना?" असं विचारायचं नाही, हेही पहिल्याच फोनला कळलं, कारण उत्तर हमखास "होते, होते" असं येतं. सभेला न आलेल्या आबांनाही दोघांनी आणून बसवलं. मग विचारायला लागले, तुमच्या उजव्या हाताला कोण बसलं होतं? आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सभेमुळे कुठलं काम केलं?

पडद्याच्या खर्चावर एकाच्या आठवणीत 18,000, दुसऱ्याच्या 22,000, तिसरा म्हणे आकडा ठरलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी 5,000 आगाऊ दिल्याची पावती आहे. म्हणून मी आगाऊ रकमेपुरतंच लिहिलं आणि एकूण खर्चाची मर्यादा पुढच्या सभेवर सोडली. सरासरी काढून 20,000 घालायचा मोह झाला, खरं सांगते.

गाठ मात्र वेगळ्याच ठिकाणी पडली. सभेत दिवे गेले होते. कोण काय बोललं ते कोणाला धड आठवत नाही, पण अमुक गोष्ट दिवे जायच्या आधी झाली की नंतर, हे सगळ्यांना पक्कं आठवतं. पडदा दिवे असताना ठरला, सुतार मापं घेत होता. सह्यांचा विषय मोबाईलच्या उजेडात. आणि दिवे गेल्याबरोबर नाना उठले, त्यांची कदंबा बस चुकली असती. मागोमाग शेजारच्या वहिनी निघाल्या, घरी सासूबाई अंधारात एकट्या म्हणून. दोघांनीही हे आपणहून सांगितलं, मी न विचारता.

सातातून दोन गेले, उरले पाच.

सचिवांना सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वहिनी, हजेरीवर सात सह्या मागाहून घेऊया. कोण बघतो?" कोणी बघणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मागाहून घेतलेल्या सहीवर तारीख कुठली टाकायची? जुनी टाकली तर खोटी, आजची टाकली तर त्या सभेची नव्हे. आणि उद्या या खात्यावरून कुणाशी वाद झाला तर नानांना कदंबात पाहिलेले दहा जण गावात सापडतील. ते म्हणाले, "तुम्ही फारच कायदा काढता." काढते. खाली लिहिणारी म्हणून माझं नाव येणार.

गुरुवार

मसुदा झाला, दीड पान. वर लिहिलं: "सभेच्या वेळी टिपणे घेतली गेली नाहीत व हजेरीवही भरली गेली नाही. खालील नोंद सूचना, पावत्या आणि उपस्थित सभासदांनी स्वतंत्रपणे सांगितलेली माहिती यांवरून नंतर तयार केली आहे." उपस्थितांखाली सात नावं, दोघांपुढे "वीज गेल्यावर निघाले" आणि वेळ. सूचक-अनुमोदकांची जागा फक्त नाटकाच्या ठरावाला भरली, तिथे दोघांनी स्वतः सांगितलं. बाकी ठिकाणी "नोंद उपलब्ध नाही". "सर्वानुमते" एकदाही लिहिलं नाही.

चौथ्या विषयाखाली: "चर्चा झाली. गणपूर्ती नसल्याने ठराव घेता आला नाही." त्या बैठकीतल्या विषयाला पुढे कार्योत्तर मंजुरी घेऊ, असं सचिव म्हणत होते. पण बँकेला नव्या तारखेचा ताजा ठराव दिला की काम तेवढंच होतं. घटनेप्रमाणे तातडीच्या सभेला 3 दिवसांची सूचना पुरते. रविवारी पाचला सभा ठेवली, पहिलाच विषय सह्यांचा, पडद्याची मर्यादा दुसरा. मसुदा सातही जणांना पाठवला, दुरुस्ती असेल तर शनिवारपर्यंत.

नानांनी संध्याकाळी कळवलं की त्यांचा निघण्याचा वेळ मी सव्वासहा लिहिलाय, तो सहा वीस होता. कदंबा सव्वासहाला आली नव्हती. दुरुस्त केलं.

कपाटाची किल्ली मागून घेतली, आता ती आमच्या देवघरातल्या डब्यात आहे. रविवारी चहा यायच्या आधी हजेरीवही फिरवायची.