पाच वर्षांचा अंदाज आणि ओळीगणिक महागाई : आमची वाटचाल

रबाळे एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना आहे. दुसऱ्या यंत्रासाठी मुदत कर्ज घ्यायचे ठरले तेव्हा बँकेने पाच वर्षांचा अंदाज मागितला, आणि त्या निमित्ताने आमची हिशेब मांडण्याची रीतच बदलली.

विक्री आणि खर्च या दोहोंवर सरसकट पाच टक्के वाढ धरली, तर नफ्याची टक्केवारी शेवटपर्यंत जागची हलत नाही, आणि कागदावरचे हे चित्र फसवे असते. म्हणून आम्ही प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा दर लावला. ₹100 च्या विक्रीत क्राफ्ट पेपर ₹60, मजुरी ₹15, वीज, भाडे वगैरे ₹15 आणि नफा ₹10 असे धरा. खोक्यांची संख्या तेवढीच ठेवून विक्रीचा आणि कागदाचा दर वर्षाला 4 टक्के, मजुरी 8 टक्के आणि इतर खर्च 5 टक्के वाढवला, तर पाच वर्षांनी विक्री सुमारे ₹121.70 होते, पण कागद ₹73, मजुरी ₹22 आणि इतर खर्च ₹19 वर गेल्यामुळे हाती जेमतेम साडेसात रुपये, म्हणजे विक्रीच्या सहा टक्क्यांच्या आसपास उरतात.

मजुरीच्या आम्ही दोन ओळी केल्या. किमान वेतनावरील कामगारांचा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे ती वाढ वर्षारंभी एकदम न धरता सहामाहीने धरावी लागते. यंत्रावरच्या कुशल कारागिराचा पगार मात्र शेजारचा कारखाना काय देतो यावर ठरतो. शिवाय पगार वाढला की कायद्याने ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्साही वाढतो. ग्रॅच्युइटी तर शेवटच्या पगारावर मोजतात, त्यामुळे जुन्या माणसांच्या मागील सगळ्या वर्षांची देणीही त्याबरोबर फुगतात. हा खर्च पुष्कळ अंदाजपत्रकांत दिसतच नाही.

कागदाचे दुखणे वेगळे आहे. त्याचा भाव वर्षातून अनेकदा हलतो, आणि आमचे ग्राहक तिमाहीच्या सरासरीवर दर सुधारून देतात. कागद 10 टक्क्यांनी चढला की ₹100 च्या खोक्यामागे खर्च ₹6 ने वाढतो, आणि नवा दर लागू होईपर्यंतचे तीन महिने आमचा निम्म्याहून अधिक नफा त्यात जातो. भाव उतरला तर हीच ढील आमच्या बाजूने पडते, म्हणून तिला कायमचा खर्च न मानता आम्ही खेळत्या भांडवलात तीन महिन्यांच्या फरकाएवढी वेगळी तरतूद दाखवली.

बँकेला दिलेल्या अंदाजात कर्जाचा हप्ता आम्ही दहा टक्क्यांवर नव्हे, सहा टक्के नफ्यावर बसवला, आणि तो झेपावा म्हणून छोट्या क्षमतेचे यंत्र निवडले.