टाकीला धडकणारा मुलगा

दहावीच्या भूमितीत मला छळलं ते ‘उंची आणि अंतर’ने. सूत्रं पाठ होती, पण आकृती काढायला घेतली की पेन्सिल अडायची. त्यातलं एक गणित अजून जसंच्या तसं आठवतं. दीड मीटर उंचीचा मुलगा पाण्याच्या टाकीकडे पाहतो, तेव्हा टाकीच्या माथ्याचा उन्नत कोन ३०° असतो. टाकीच्या दिशेने २० मीटर चालत गेल्यावर तोच कोन ६०° होतो. तर टाकीची उंची किती?

मी झटकन एक काटकोन त्रिकोण काढला. पाया २०, कोन ३०°, उत्तर साडेअकरा मीटर. बाईंनी वहीकडे पाहिलं आणि विचारलं, “हा मुलगा वीस मीटर चालला तर कुठे पोचेल?” मी बोट ठेवलं ते थेट टाकीच्या पायथ्याशी. “म्हणजे धडकला की रे!” वर्ग खो खो हसला. ६०° माझ्या आकृतीत कुठेच नव्हता, हेही तेव्हाच दिसलं.

मग बाईंनी ते गणित फळ्यावर एकेका वाक्याने वाचलं. पूर्णविराम येईपर्यंत खडू हलायचा नाही आणि वाक्य संपल्यावर तेवढंच काढायचं, असा त्यांचा नेम. आधी जमीन, तिच्यावर उभी टाकी. मग मुलगा, त्याच्या पायांतून नव्हे, डोळ्यांतून जमिनीला समांतर रेघ. उन्नत कोन याच रेघेपासून वर मोजायचा. जवळ गेलं की मान जास्त वर करावी लागते, म्हणून ६०° टाकीजवळच्या जागी आणि ३०° लांबच्या. दोन त्रिकोण झाले, दोघांची उभी बाजू एकच. २० म्हणजे त्यांच्या आडव्या बाजूंमधला फरक.

जवळचं अंतर ‘क्ष’ धरलं. tan ६०° = √३, म्हणून उभी बाजू क्ष√३. लांबून पाहिलं तर तीच बाजू (क्ष + २०) ÷ √३. दोन्ही सारख्या ठेवल्यावर ३क्ष = क्ष + २०, म्हणजे क्ष = १०. उभी बाजू १०√३, साधारण १७.३ मीटर. मी लगेच उत्तर लिहिलं. बाई म्हणाल्या, “टाकी हवेत लटकतेय काय?” आडवी रेघ जमिनीपासून दीड मीटर वर होती ना! ते मिळवल्यावर १८.८.

मी मात्र अडून बसलो. मुलगा दीड मीटरचा असेल तर त्याचे डोळे त्याहून दहा-बारा सेंटिमीटर खाली असणार, मग दीड कसं मिळवायचं?

“बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या, “पण बोर्डाच्या पेपरात डोळे टाळूवर असतात.”