चिंचोक्यांची भिंत

गेल्या दिवाळीत भाची पुण्याहून सांगलीला आली तेव्हा बॅगेतून एक घडी घातलेला पुठ्ठा काढून तिने माझ्यापुढे पसरला. त्यावर दहा बाय दहा घरं आखलेली होती. "मामा, तुला बुद्धिबळ येतं ना? मग वजिराची चाल ठाऊक आहेच. बाकी पाच मिनिटांचं काम आहे." नियम खरोखरच पाच मिनिटांत कळले. पण हद्द कशी बांधायची आणि ती किती चालींची आहे हे कसं मोजायचं, ते कळायला होळी उजाडली. या लेखात मी त्या मोजणीबद्दलच लिहितो आहे.

खेळाचं नाव अ‍ॅमेझॉन्स. अर्जेंटिनाच्या वॉल्टर झामकाउस्कास यांनी तो १९८८ साली रचला आणि १९९२ मध्ये तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात तो छापून आला. दोघांकडे चार-चार सोंगट्या असतात. आम्ही त्यांना तिरंदाज म्हणतो, आणि बुद्धिबळाच्या डब्यातली चार पांढरी नि चार काळी प्यादी त्या कामी लावतो. आपल्या पाळीला एक तिरंदाज वजिरासारखी चालते, म्हणजे सरळ किंवा तिरकी, हवी तेवढी घरं. जिथे थांबेल तिथून ती लगेच बाण मारते, तोही वजिराच्याच रेषेत. बाण पडला ते घर जळालं. तिथे पुन्हा कुणी थांबू शकत नाही, त्यावरून जाऊ शकत नाही, त्यापलीकडे बाणही टाकू शकत नाही. मारामारी नाही, सोंगट्या मरत नाहीत. ज्याला चाल उरली नाही तो हरला. दर पाळीला एक घर जळतं आणि सुरुवातीला रिकामी घरं ९२ असतात, त्यामुळे डाव त्याच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि बरोबरीही सुटत नाही. जळलेल्या घरांवर ठेवायला आईच्या डब्यातले चिंचोके मिळाले.

घरांना नावं हवीत म्हणून उभ्या पट्ट्यांना डावीकडून क ख ग घ च छ ज झ ट ठ आणि आडव्या ओळींना खालून १ ते १० असे आकडे दिले. पांढऱ्या तिरंदाज क४, घ१, ज१, ठ४ वर उभ्या राहतात. काळ्या समोरच्या बाजूला क७, घ१०, ज१०, ठ७ वर. पहिली चाल पांढऱ्याची.

पहिल्या काही डावांत मी एकच गोष्ट करत होतो, ती म्हणजे कोपरा अडवणं. आपलं कुंपण आधी घालावं आणि मग आत निवांत बसावं, असा माझा हिशोब होता. पहिलंच कुंपण गळकं निघालं. ग१, ख२, क३ असे तीन चिंचोके तिरके मांडून क१, ख१, क२ ही तीन घरं माझी झाली असं मी धरून चाललो. भाचीची तिरंदाज ग२ वरून ख१ वर अशी अलगद शिरली. ग१ आणि ख२ यांचे नुसते कोपरे एकमेकांना टेकलेले असतात, आणि तिरकी चालणारी सोंगटी त्या दोन कोपऱ्यांमधून जाते. तिरकी भिंत ही भिंतच नव्हे. ती बंद करायची तर पायऱ्यांसारखी बांधावी लागते, म्हणजे ग१, ग२, ख२, ख३, क३. तीन घरांसाठी पाच बाण! तीन बाय तीनचा कोपरा बंद करायलाही सात बाण लागतात, कारण टोकाचं घ४ मोकळं सोडलं तर ग३ वर तिथून तिरकी वाट राहतेच.

हा भाव कळल्यावर कुंपणाचा नाद सुटला. एकट्याने भिंत बांधणं परवडत नाही. भिंत स्वस्तात उभी राहते ती दोघांच्या बाणांनी मिळून, आणि ती कुठे उभी राहील हे ठरतं ते कुणाची तिरंदाज कुठे आधी पोचते यावर. म्हणून सुरुवातीच्या वीसेक चालींत भाची एकच प्रश्न विचारायची, "या रिकाम्या घरावर तू किती चालींत पोचतोस, आणि मी किती चालींत?" मी एका चालीत आणि ती दोन चालींत, तर ते घर तूर्त माझं. हा खेळ खेळणारे संगणकाचे प्रोग्रामही पट जोखताना असंच अंतर मोजतात. सुरुवातीचा बाण आपल्या घराभोवती वाया घालवायचा नाही, तो समोरच्याच्या लांब रेषेत टाकायचा. तिरंदाज काठावर रेंगाळू द्यायची नाही, कारण पटाच्या मध्यावर तिला कोंडायला आठ घरं अडवावी लागतात, काठावर पाच, कोपऱ्यात फक्त तीन. माझी घ१ वरची तिरंदाज तीन डाव सलग तिथेच कोंडली गेली होती.

मध्य सांभाळायला लागल्यावर डाव शेवटपर्यंत टिकू लागले आणि खरी मोजणी समोर आली. डावाच्या शेवटी पट तुकड्यांत विभागला जातो. एका तुकड्यात फक्त माझी तिरंदाज, दुसऱ्यात फक्त तिची. मग कुणी कुणाच्या वाटेत येत नाही, पण पाळी चुकवता येत नाही आणि बाणही मारावाच लागतो. प्रत्येक चालीला आपलंच एक घर आपण जाळतो. जास्त चाली ज्याच्याकडे तो जिंकतो. पाळी माझी असेल तर माझ्याकडे तिच्यापेक्षा किमान एक चाल जास्त हवी, कारण सारख्या असतील तर आधी मी अडकतो.

इथे भाचीने मला एक युक्ती शिकवली होती. आत पाऊल टाक आणि मागे बाण मार. म्हणजे शेजारच्या घरात सरक आणि जे घर आत्ता सोडलंस तेच जाळ. तुकड्याच्या तोंडाशी उभी असलेली तिरंदाज अशी आत सरकली की दार आपोआप बंद होतं. अरुंद बोळातही दर चालीला बरोबर एकच घर खर्च होतं. या युक्तीने मी बरेच डाव वाचवले, आणि ती हाताला इतकी बसली की विचार न करता व्हायला लागली.

संक्रांतीच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हाचा डाव मी वहीत उतरवून ठेवला आहे. पाळी माझी. माझ्या दोन तिरंदाज कोंडलेल्या, तिच्याही तीन. माझी एक तिरंदाज उजव्या काठाला चार रिकाम्या घरांच्या सरळ पट्टीच्या टोकाशी. दुसरी घ४ वर, तिच्याभोवती ग४, च४ आणि घ३ अशी तीन घरं रिकामी, बाकी सगळीकडे चिंचोके. भाचीकडे सहा घरांचा एक सलग तुकडा. माझी सात, तिची सहा. पाळी माझी असूनही एक चाल जास्त होती. मी जिंकलो होतो.

मी घ४ वरून घ३ वर आलो आणि सवयीने मागे, घ४ वर, बाण मारला.

मोजायला गेलं तर अजूनही ग४ आणि च४ ही दोन घरं शिल्लक होती. पण त्यांची मांडणी बघा. तिरंदाज घ३ वर, तिच्या डाव्या खांद्याला ग४, उजव्या खांद्याला च४, आणि दोघांच्या मध्ये जळलेलं घ४. ती च४ वर गेली तर तिथून तिला एकच घर दिसतं, नुकतंच सोडलेलं घ३. बाण तिथेच मारावा लागतो. मग ग४ रिकामं असूनही तिथे जायला वाट उरत नाही. डावीकडे गेली तरी तेच. घरं दोन, चाल एक. त्या तुकड्यातून मला तीनऐवजी दोनच चाली मिळाल्या. माझ्या एकूण सहा, तिच्या सहा, आणि सातवी चाल करायची पाळी माझी.

त्या रात्री मी ती चार घरं पुन्हा मांडून बसलो. घ४ वरून ग४ वर सरकायचं आणि बाण मोकळ्या झालेल्या घ४ वरून पलीकडे च४ वर टाकायचा. मग घ४ वर परत येऊन ग४ जाळायचं. शेवटी घ३ वर उतरून घ४ जाळायचं. तीन घरं, तीन चाली. मला याहून महत्त्वाचं वाटलं ते असं, की घ३ वर जाणं ही चूक नव्हतीच. तिथे जाऊन बाण घ४ ऐवजी ग४ वर मारला असता, तर पुढे घ४ वर येऊन घ३ आणि च४ वर जाऊन घ४ जाळता आलं असतं, म्हणजे तिथूनही तीन चाली. चुकला तो फक्त बाण. घ४ हा सांधा होता. घ३ सोडलं तर ग४ आणि च४ एकमेकांना फक्त तिथून जोडलेली होती, आणि मी तोच जाळला. आधी जाळायची ती टोकं.

तेव्हापासून मी घरं मोजत नाही, वाट मोजतो. बाण मारण्याआधी बघतो की या घराशिवाय उरलेली घरं एकमेकांना जोडलेली राहतात का, आणि राहिली तरी एकाच दमात सगळ्यांवरून फिरता येतं का. पाच-सहा घरांच्या तुकड्यात हे बोट फिरवून कळतं. मोठ्या तुकड्यात मात्र अवघड होतं, आणि ते माझ्या एकट्यापुरतं नाही. एकट्या तिरंदाजाच्या बंद तुकड्यात जास्तीत जास्त किती चाली निघतात, हा प्रश्न सर्वसाधारणपणे सोडवणं किती कठीण आहे हे मायकेल ब्युरो यांनी २००० साली गणिताने दाखवलं. झटपट उत्तर देणारी कोणतीही रीत त्यासाठी माहीत नाही. म्हणून फांद्या फुटलेला मोठा तुकडा मिळाला तर मी त्याच्यातून एक-दोन चाली वजा धरूनच पुढचा विचार करतो. रुंद, भरीव तुकडा मात्र जवळजवळ पुरा वसूल होतो. असे दोन तुकडे समोर असतील तर एक घर कमी असलं तरी मी भरीवच घेतो.

होळीला सगळे घरी जमलेले असताना आमचा डाव पुन्हा तसाच घासून आला. पट बंद होत आला होता आणि तिच्या डाव्या बाजूच्या तुकड्याला एकच दार उरलं होतं. ते बंद करायला मला दोन ठिकाणांहून बाण मारता येत होता. एकात तिचा तुकडा आठ घरांचा सलग राहत होता. दुसऱ्यात घरं नऊ राहत होती, पण त्यातली शेवटची दोन तिच्या तिरंदाजापुढे दोन खांद्यांसारखी फुटलेली, मध्ये चिंचोका. शिवाय हा दुसरा बाण मारायला माझी तिरंदाज जिथे जाणार होती, तिथे माझाही एक कोपरा वाचत होता. मी तोच मारला.

तिने तिची एक चाल केली आणि पाळी माझ्याकडे आली. माझी आठ घरं, सगळी सलग. तिची आता आठ रिकामी दिसत होती. तिने चिंचोका उचलला, एक-दोन-तीन करत बोट फिरवलं, शेवटच्या फाट्यापाशी बोट थांबलं.

"सातच आहेत," ती म्हणाली आणि चिंचोका डब्यात टाकला.