रॅम टेस्ट ‘पास’, तरी बोर्ड खराब: माझा अनुभव

हिंगणा एमआयडीसीतल्या एका असेंब्ली युनिटकडून बोर्डांची लॉट ताब्यात घेताना जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. शीतगृहाचं तापमान नोंदवणारा साधा लॉगर होता. त्यात ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर आणि बाहेर ६२२५६ ही ३२ केबीची रॅम. डिझाइन, पार्ट्‌स, सोल्डरिंग सगळं वेळेत झालं. अडलं ते रॅमच्या टेस्टवर.

काही बोर्ड सुरुवातीला छान चालायचे, पण नोंदी २ केबीच्या पुढे गेल्या की मेमरीच्या सुरुवातीला ठेवलेला हेडर खराब व्हायचा. सुपरवायझरचं एकच पालुपद: “टेस्ट पास आहे ना भाऊ, तुमच्या कोडमध्येच पाहा.” प्रत्येक बोर्डासोबत ‘रॅम पास’ असा शिक्का. शेवटी मी त्यांच्या टेस्टचा कोडच मागितला. तो मिळवण्यात जितके दिवस गेले, तितके बिघाड शोधण्यातही गेले नाहीत.

कोड पाहिला आणि सगळा उलगडा झाला. ते प्रत्येक पत्त्यावर त्याच पत्त्याचा खालचा बाइट लिहीत होते आणि नंतर सगळं वाचून ताडून पाहत होते. प्रत्येक जागेला वेगळी खूण द्यायची ही कल्पना बरोबरच आहे. पण डेटा बस आठ बिटांची, म्हणून ती खूण दर २५६ जागांनी जशीच्या तशी परत येते. 0x0000 वर शून्य आणि 0x0800 वरही शून्य. हे दोन्ही पत्ते चुकून एकाच जागी पडले तरी वाचताना शून्यच मिळतं आणि टेस्ट खुशाल पास होते. म्हणजे A8 ते A14 या सात लाइनींची तपासणी होतच नव्हती.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ८०५१ मध्ये पत्त्याचा खालचा बाइट आणि डेटा एकाच P0 पोर्टवरून जातात. रॅम बसवलेलीच नसेल, तर वाचताना मोकळ्या बसवर नुकताच गेलेला पत्त्याचा बाइट रेंगाळू शकतो. युनिटची टेस्ट नेमका तोच बाइट अपेक्षित धरते, म्हणून रॅम नसतानाही ती पास होऊ शकते.

मी आधी डेटा बस तपासली. एकाच पत्त्यावर 0x01, 0x02, 0x04 असं 0x80 पर्यंत एक-एक बिट सरकवत लिहायचं आणि वाचायचं. लिहिणं आणि वाचणं यांच्या मध्ये दुसऱ्या पत्त्यावर उलटा बाइट लिहा. वाचताना नेमका तो उलटा बाइट आला, तर दोन्ही पत्ते एकाच जागी पडताहेत; दर वेळी पत्त्याचाच खालचा बाइट आला, तर रॅम जागेवर नसावी. आमच्या बोर्डांवर हे सगळं ठीक होतं.

मग ॲड्रेस बस. इथे एका वेळी एकच लाइन उचलायची; `m` म्हणजे बाहेरची रॅम:

```c
for (a = 1; a < 0x8000; a <<= 1) m[a] = 0xAA;
m[0] = 0x55;
for (a = 1; a < 0x8000; a <<= 1)
    if (m[a] != 0xAA) report(a);
```

पहिली चूक दिसली की थांबू नका, सगळ्या छापा. माझ्याकडे 0x0800 आणि 0x1000 असे दोन पत्ते छापून आले. A11 एकटी अडकली असती तर फक्त पहिला आला असता. दोन एकदम आले म्हणजे A11 आणि A12 एकमेकींना चिकटल्या आहेत. चिकटलेल्या लाइनींत बहुतेकदा शून्य जिंकतं, म्हणून दोन्ही पत्ते थेट 0x0000 वर कोसळतात. हेडर २ केबीनंतरच का मरायचा, तेही इथे कळलं. मायक्रोकंट्रोलरच्या २४ आणि २५ नंबरच्या पायांमध्ये भिंग लावल्यावर कथलाचा केसासारखा पूल दिसला.

कधी शून्याऐवजी एक जिंकतो. तेव्हा ते दोन पत्ते 0x0000 ला सोडून एकमेकांवर पडतात आणि वरचा कोड गप्प राहतो. त्यासाठी प्रत्येक पत्त्यावर आळीपाळीने 0x55 लिहून बाकीचे सगळे 0xAA आहेत का ते पाहायचं, मग तो परत 0xAA करायचा.

पूर्ण मेमरीसाठी खूण हवीच असेल तर ० ते २५० मोजणारा काउंटर वापरा. २५१ मूळ संख्या आहे, त्यामुळे दोनच्या कुठल्याही घाताइतक्या अंतरावर तीच खूण परत येत नाही. आधी सगळं लिहून संपवा, मगच वाचायला घ्या. हे मी सर्व्हिसच्या वेळेसाठी ठेवलं, आणि वरच्या दोन्ही टेस्ट दर वेळी बोर्ड सुरू होताना चालतात.

एक राहिलंच: `m` हा `volatile` ठेवा, आणि टेस्टचे व्हेरिएबल आतल्या रॅममध्येच ठेवा, कारण ही टेस्ट बाहेरची रॅम पुसते. युनिटने शेवटी माझा कोड त्यांच्या जिगवर टाकला आणि आख्खी लॉट पुन्हा तपासून दिली. पुढच्या ऑर्डरमध्ये टेस्टचा कोड आमचाच असेल, हे मी लेखी घेतलं आहे.