सराफ्यातली मिरगी

इंदुरात रात्री सराफा खाऊगल्ली होते, तेव्हा १०८ची गाडी आत शिरत नाही. ती बाहेर उभी करून स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि हृदयाला शॉक देणारं यंत्र, म्हणजे एईडी, उचलून आम्ही पायीच निघतो.

पन्नाशीचा माणूस पडला होता. भोवती भरगच्च रिंगण. एकाने नाकाशी चप्पल धरलेली, चार-पाच मोबाइल वर. "मिरगी है भिया, साँस तो चल रही है."

ते श्वास नव्हते. हृदय थांबल्यावर सुरुवातीला काही मिनिटं माणूस आचके देतो: तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, मग मोठा खंड. कधी हातपायही झटकतात, म्हणून लोकांना मिरगी वाटते. हाक मारून ओ देत नसेल आणि श्वास असा तुटक असेल, तर छाती दाबायला लागायचं. चप्पल हुंगवणं मिरगीतही फुकट.

नंतर एका मोबाइलमधलं चित्रण पाहिलं. त्यात कुणी निर्दय दिसत नाही. प्रत्येक जण आधी पडलेल्याकडे बघतो, मग शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे. शेजारी शांत, म्हणजे फार काही नसेल. आणि शेजारीही हेच वाचत असतो. "फोन?" "किसी ने कर दिया होगा." फोन केला होता तो वरच्या गॅलरीतून बघणाऱ्या एका पोराने. त्याला वाटलं, खालचे सगळे खाण्यात गुंग, बघणारा आपण एकटाच.

अमेरिकेत डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली नेमकं हेच मोजलं. इंटरकॉमवर एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपणच एकटे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच. न उठलेलेही घाबरलेले होते, हात थरथरत होते. 'माणुसकी उरली नाही' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. अर्थात, गर्दी दरवेळी गोठतेच असंही नाही. रस्त्यावरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं तपासली तेव्हा बहुतेक ठिकाणी कुणी ना कुणी मध्ये पडलेलं आढळलं.

म्हणून गर्दीत "कोई मदद करो" असं मी ओरडत नाही. माणूस निवडून, बोट दाखवून एकच काम सांगतो. "नीली शर्ट, आप. घुटने टेको. छाती के बीच, दोनों हाथ, ज़ोर से." पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. त्याने सुंदर दाबलं. तेवढ्यात मी पॅड चिकटवले, एईडीने शॉक सांगितला, दिला, आणि लगेच पुन्हा दाबणं सुरू. तिसऱ्या शॉकनंतर नाडी लागली. रुग्णालयात सोपवल्यावर पुढचं आम्हाला सहसा कळत नाही.

दाबता दाबता निळ्या शर्टाने विचारलं, "नाम तो नहीं लिखोगे? पुलिस का चक्कर?" अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, असं २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम १३४अ खाली २०२० साली केलेल्या नियमांत लिहिलंय. इथे तर अपघातही नव्हता. "नहीं लिखूँगा, हाथ मत रोको," म्हणालो.